द्राक्षं चालतात, ग्रेपफ्रूट नाही: गोळी आणि खाण्याच्या वेळा कशा जुळवायच्या

सांगली-तासगावकडे ‘ग्रेप’ म्हटलं की मांडवावरची द्राक्षंच आठवतात. त्यामुळे गोळ्यांच्या माहितीपत्रकावर ‘ग्रेपफ्रूट ज्यूस टाळा’ असं वाचलं की काही जण घाबरून घरातली द्राक्षं आणि बेदाणेही बंद करतात. त्याची गरज नाही. ग्रेपफ्रूट हे संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं, जाड सालीचं, किंचित कडवट आणि आतून बहुधा गुलाबी असलेलं फळ आहे. झाडाला ते द्राक्षांसारखं घोसाने लागतं, एवढाच त्याचा नावापुरता संबंध. आपल्याकडे ते मॉलमध्ये किंवा मोठ्या फळवाल्याकडे दिसतं, आणि डब्यातल्या मिश्र रसांत असतं. पण त्याचा एक जवळचा नातलग आपल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे पपनस. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातूनच झालेलं फळ आहे, आणि गोळीशी भांडणारे घटक पपनसातही असतात. गणपतीच्या दिवसांत घरी पपनस येत असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

खाणं आणि गोळी यांचं भांडण तीन ठिकाणी होऊ शकतं आणि तिन्ही ठिकाणचा उपाय वेगळा आहे. काही भांडणं तासांचं अंतर ठेवलं की मिटतात. काहींत कितीही तासांचं अंतर ठेवलं तरी उपयोग नसतो. काहींत अंतर नको, फक्त रोजचं प्रमाण सारखं लागतं. आपली गोळी यांतल्या कोणत्या गटात येते हे ओळखणं हेच खरं काम आहे.

आधी गोळीचं खरं नाव शोधा

पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव कंपनीने दिलेलं असतं. त्याच्याजवळ किंवा पट्टीच्या मागच्या बाजूला लहान अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. घरातल्या सगळ्या पट्ट्या समोर ठेवून ही मूळ नावं एका कागदावर लिहून काढा. गोळ्या कापताना नावाचा भाग निघून गेला असेल तर मेडिकलमधून लिहून आणा. या लेखातली सगळी नावं मूळ औषधांची आहेत. ‘ती छोटी पिवळी गोळी’ एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही, कारण कंपनी बदलली की रंगही बदलतो.

जिथे तासांचं अंतर कामाला येत नाही

लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमध्ये सीवायपी 3ए4 नावाचं एक एन्झाइम असतं. पोटात आलेली बरीच औषधं रक्तात पोचण्याआधी ते इथेच मोडून टाकतं, आणि उरलेल्यातलं पुष्कळसं यकृत मोडतं. गोळीचा डोस ठरवताना ही घट आधीच हिशोबात धरलेली असते. कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन घ्या. या गोळीचा 5 टक्क्यांहूनही कमी भाग मूळ रूपात रक्तात पोचतो. म्हणजे 100 भाग गिळले तर 95 वाटेतच संपतात आणि 5 कामाला येतात, असं धरून चला. आता एन्झाइम लंगडं पडलं आणि 95 ऐवजी 85 च भाग संपले, तर रक्तात 15 पोचतील. अडवलं गेलं फक्त 10 भागांचं मोडणं, पण शरीराला मिळाला तिप्पट डोस. ज्या गोळीचा मोठा भाग वाटेतच मोडला जातो, तिच्याबाबतीत ग्रेपफ्रूटचा झटका मोठा बसतो तो यामुळे.

ग्रेपफ्रूटमधले फ्युरानोकुमारिन नावाचे घटक हे एन्झाइम लंगडं करतात. ते त्याला असे चिकटतात की ते पुन्हा कामाला येत नाही. पेशीला नवं एन्झाइम बनवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. 200 मिलीचा एक पेला रस किंवा एक अख्खं फळ इतका परिणाम घडवायला पुरेसं आहे. तो 24 तास तर टिकतोच, पूर्ण ओसरायला तीन दिवस किंवा त्याहून जास्तही लागतात. म्हणून ‘सकाळी रस, रात्री गोळी’ ही युक्ती इथे चालत नाही. सकाळी निकामी झालेलं एन्झाइम रात्रीपर्यंत भरून आलेलं नसतं.

हे सापडलं तेही अनपेक्षितपणे. कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या फेलोडिपिन या औषधावर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि ज्यांना दारू दिलीच नव्हती त्यांच्याही रक्तात औषध अपेक्षेपेक्षा फार जास्त निघालं. 1989 मध्ये ते प्रसिद्ध झालं.

आता आपल्या कागदावरची नावं बघा. सिम्व्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण बंद. आपल्याकडे जास्त दिली जाते ती अ‍ॅटोरवास्टॅटिन. तिच्यावर परिणाम होतो, पण सिम्व्हास्टॅटिनइतका मोठा नाही. धोका आहे तो मुख्यतः रोज भरपूर रस पिणाऱ्यांना. तरीही वर्षातून चार वेळा येणाऱ्या फळासाठी हिशोब करत बसण्यापेक्षा ते सोडून देणं सोपं. रोसुव्हास्टॅटिन असेल तर हा प्रश्न जवळपास येत नाही, कारण तिचं मोडणं या एन्झाइमवर अवलंबून नाही. ज्यांना पपनस फार आवडतं त्यांनी डॉक्टरांना हे विचारायला हरकत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांत फेलोडिपिन आणि निफेडिपिन यांच्याबरोबर ग्रेपफ्रूट टाळा. सर्वांत जास्त लिहून दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन त्याच कुळातली असली तरी तिच्यावर फारसा फरक पडत नाही, कारण ती वाटेत मुळातच कमी मोडते. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या रुग्णांच्या टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन या गोळ्यांबरोबर मात्र ग्रेपफ्रूट आणि पपनसाची एक फोडसुद्धा नको. तिथे रक्तातली औषधाची पातळी वर-खाली व्हायला जागा फार थोडी असते. ती वाढली तर आहे ते मूत्रपिंडच दुखावतं.

डब्यातला ‘मिश्र फळांचा रस’ घेताना मागची घटकांची यादी वाचा. मोसंबी, गोड संत्रं, डाळिंब, द्राक्षं, बेदाणे आणि जेवणात पिळलेली लिंबाची फोड यांना या भीतीने बंद करू नका.

बिघडलं हे ओळखायचं कसं? कोलेस्टेरॉलच्या गोळीचं प्रमाण वाढलं तर मांड्या, पोटऱ्या आणि खांदे दुखायला लागतात. जिना चढताना जड वाटतं, आणि हे दुखणं कष्टाचं काम न करताही येतं. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर स्नायू तुटू लागले असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या गोळीचं प्रमाण वाढलं तर चक्कर येते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पाऊल सुजतं.

एक उलटा प्रकार: रसाने गोळी कमी पडते

सर्दी-शिंकांसाठी घेतली जाणारी फेक्सोफेनाडिन ही गोळी आतड्यातून आत जाताना एका वेगळ्या वाहकाच्या दारातून जाते. ग्रेपफ्रूट, संत्रं आणि सफरचंद यांचे रस हे दार काही वेळ अडवतात. मग गोळी पोटात राहते, शिंका चालूच राहतात, आणि माणूस ‘ही गोळी लागू पडत नाही’ असं म्हणून दुसरी मागतो. इथे नुकसान टिकाऊ नसतं. रस आणि गोळी यांत चार तास ठेवले की पुरतं, आणि गोळी साध्या पाण्याबरोबरच घ्यायची.

सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक: थायरॉइडची गोळी आणि चहा

ग्रेपफ्रूट आपल्याकडे कधीतरी येतं. चहा आणि दूध रोज येतात, त्यामुळे थायरॉइडच्या लेव्होथायरॉक्सिन या गोळीचं नुकसान बरंच जास्त होतं. रिकाम्या पोटी ती 60 ते 80 टक्के शोषली जाते. पोटात काही असलं की हे प्रमाण खाली येतं. कॅल्शियम, लोह, आणि अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेलं पित्ताचं पातळ औषध हे तर तिला घट्ट धरून ठेवतात, मग ती जोडी आतड्यातून तशीच पुढे निघून जाते. म्हणजे हे भांडण पोटात होतं, आणि म्हणूनच तासांचं अंतर ठेवलं की मिटतं.

एक उदाहरण पूर्ण मांडून बघू. सांगलीत राहणाऱ्या 54 वर्षांच्या एक काकू आहेत असं समजा. सकाळी सहाला उठतात, गॅसवर दुधाचा चहा उकळतो, आणि थायरॉइडची 75 मायक्रोग्रॅमची गोळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर जाते. आठला पोहे, त्याच्या मागोमाग कॅल्शियमची 500 मिलिग्रॅमची गोळी, आणि ‘सगळं एकदाच होऊन जाऊ दे’ म्हणून लोहाची गोळीही. रात्री अ‍ॅटोरवास्टॅटिन. थकवा जात नाही, हिमोग्लोबिन वाढत नाही, रक्तातलं टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक, वाढून 9 आलं आहे. डॉक्टरांना वाटतं की डोस कमी पडतोय, आणि ते 75 चे 100 करतात. प्रत्यक्षात डोस पुरेसा होता, तो शरीरात पोचत नव्हता एवढंच.

काकूंचा दिवस असा बसवता येतो.

सकाळी 6:00 ला थायरॉइडची गोळी, एक भरलेला पेला साध्या पाण्याबरोबर. गोळी रात्रीच उशाजवळ पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली की चहाच्या आधी घेण्याचं लक्षात राहतं. डबीतून एकच गोळी बाहेर काढायची, बाकीच्या मूळ डबीत बंद, कारण दमट हवेत ही गोळी खराब होते.

7:00 ला चहा. साठ मिनिटं थांबणं उत्तम, अगदीच जमत नसेल तर किमान तीस. कोरा चहा-कॉफी चालेल असा एक समज आहे. तोही चुकीचा आहे, कॉफी तर शोषण चांगलंच कमी करते.

8:30 ला पोहे किंवा भाकरी. या वेळी कॅल्शियम नाही, लोहही नाही.

11:00 ला लोहाची गोळी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास उलटून गेलेले असतात, नाश्ता उतरलेला असतो. चहातल्या टॅनिनने लोह अडकतं, त्यामुळे गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा नको. सोबत लिंबूपाणी घेतलं तर लोह जास्त शोषलं जातं. मळमळत असेल तर थोडं खाऊन घ्या. शोषण कमी होईल, पण गोळी सुटणार नाही. शौच काळसर होणं हे लोहामुळे असतं, त्याने घाबरू नका.

1:30 ला जेवण आणि त्याबरोबर कॅल्शियम. कॅल्शियम कार्बोनेटला विरघळायला जेवताना पोटात सुटणारं आम्ल लागतं, म्हणून ते रिकाम्या पोटी नाही. लोहापासून दोन तासांहून जास्त अंतर आपोआप पडतं.

4:30 ला चहा. रात्री जेवणानंतर अ‍ॅटोरवास्टॅटिन. ही गोळी दिवसात कधीही चालते, फक्त वेळ रोज तीच ठेवा. सिम्व्हास्टॅटिन असती तर ती संध्याकाळी किंवा रात्रीच घ्यायची असते.

इथे एक धोका आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. काकूंचा डोस चहाबरोबरच्या सवयीला धरून 75 वरून 100 झाला होता. उद्यापासून त्या 100 ची गोळी नीट पाण्याबरोबर घेऊ लागल्या, तर रक्तात गरजेपेक्षा जास्त पोचेल. छातीत धडधडणं, हात थरथरणं, झोप न येणं, वजन घटणं ही त्याची लक्षणं. म्हणून वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आतापर्यंत गोळी चहाबरोबर जात होती. डोस तोच ठेवायचा की कमी करायचा हे ते ठरवतील. वेळ किंवा डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासायचं. त्याआधी आलेला आकडा जुन्या आणि नव्या सवयीची सरमिसळ असतो. तपासणीच्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

ज्यांना सकाळी हे जमतच नाही, उदाहरणार्थ पहाटे गोठ्यात जाणारे किंवा पहिल्या गाडीने साताऱ्याला निघणारे, त्यांनी झोपताना गोळी घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारावा. अट एकच: शेवटच्या जेवणानंतर किमान तीन तास झालेले असावेत आणि झोपताना दूध किंवा कॅल्शियम नको. साडेआठला जेवून साडेअकराला झोपणाऱ्याला हे सोपं आहे, साडेनऊला जेवून दहाला आडवं होणाऱ्याला नाही.

‘पित्ताची गोळीही उपाशीपोटी आहे, मग आधी कोणती?’ हा प्रश्न नेहमी येतो. आधी थायरॉइडची, मग अर्ध्या तासाने पॅन्टोप्राझोल, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने नाश्ता. पण लक्षात घ्या, पॅन्टोप्राझोल थायरॉइडच्या गोळीला चिकटत नाही. ती दिवसभर पोटातलं आम्ल कमी ठेवते आणि त्यामुळे शोषण घटू शकतं. हे अंतराने सुटत नाही. ती रोज घ्यायला सुरुवात केली किंवा बंद केली, तर डॉक्टरांना कळवून टीएसएच पुन्हा बघायचं.

हाच चिकटण्याचा नियम काही अँटिबायोटिक्सना लागतो. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर किंवा नुसत्या ताकाबरोबर घेतली तर तिथलं कॅल्शियम तिला धरून ठेवतं. कॅल्शियम, लोह किंवा पित्ताचं पातळ औषध चालू असेल तर सिप्रोफ्लॉक्सासिन त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. ‘अँटिबायोटिकने पोटात आग पडते, दुधाबरोबर घे’ हा घरातला सल्ला या गोळीसाठी नको. पोळी-भाजीचे दोन घास खाऊन, पाण्याने घेतलेली चालते.

जिथे अंतर नको, सारखेपणा हवा

रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिन आणि अ‍ॅसिनोकुमारॉल या गोळ्या व्हिटॅमिन के चं काम अडवून रक्त गोठणं कमी करतात. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. इथे भाजी सकाळी खाल्ली की रात्री याने काही फरक पडत नाही. आठवड्यात किती खाल्ली याने पडतो. डॉक्टर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासून डोस बसवतात तो तुमच्या तेव्हाच्या खाण्यावर. थंडीत रोज मेथी-पालक सुरू झाला की आयएनआर खाली येतो आणि रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. आजारपणात जेवणच तुटलं की आयएनआर वर जातो, हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर निळे डाग दिसतात. म्हणून पालेभाजी बंद करायची नाही, आठवड्यातून दोनदा खात असाल तर दोनदाच ठेवायची, आणि बदल होणार असेल तर आयएनआर आधी तपासून घ्यायचा. भाजी-आमटीतली चिमूटभर सांगलीची हळद चालते. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना न सांगता घेऊ नका.

चुकलं तर

चहा आधी पिऊन झाला आणि थायरॉइडची गोळी राहिली, तर ती सोडून देऊ नका. पोट पुन्हा रिकामं झालं की, म्हणजे खाण्यानंतर तीन तासांनी, त्याच दिवशी घ्या. लेव्होथायरॉक्सिन रक्तातून निम्मी व्हायला साधारण सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाच्या चुकीने टीएसएच हलत नाही. रोजची चूकच तिथे दिसते.

सिम्व्हास्टॅटिन चालू असताना नकळत पपनस खाल्लं गेलं, तर त्या दिवशीची गोळी घ्यायची का हे डॉक्टरांना फोन करून विचारा. पुढचे तीन-चार दिवस मांड्या-पोटऱ्यांकडे लक्ष ठेवा, आणि गणपती उठेपर्यंत दुसरं पपनस फोडू नका. मनाने गोळी कायमची बंद करू नका.

दवाखान्यात जाताना मूळ नावांचा तो कागद बरोबर न्या, आणि प्रत्येक नावासमोर दोन गोष्टी लिहा: गोळी किती वाजता घेता, आणि तिच्या आधी-नंतर दोन तासांत पोटात काय जातं. चहा, ताक, पित्ताचं औषध, कॅल्शियम, सगळं.